ऑक्टोबर हीटची वक्ररेषा आणि अकराव्या घाताचा मोह

जुहूच्या चौपाटीवर मे महिन्याच्या उकाड्यात जितका घाम येतो, जवळपास तितकाच ऑक्टोबरमध्येही येतो, हे मुंबईकरांना कोणी सांगावे लागत नाही. 'ऑक्टोबर हीट' हा शब्द मराठी बोलण्यात केव्हाच रुळला आहे. मात्र हीच साधी गोष्ट कागदावर आकड्यांच्या रूपात मांडून तिला एखाद्या गणिती सूत्रात बसवायचे ठरवले, तर काही क्षणांतच संख्याशास्त्रातील एका जुन्या आणि फसव्या पेचाशी गाठ पडते. वळणदार संबंधांना सरळ रेषा पुरत नाही. म्हणून वळणदार सूत्र घ्यावे. आणि एक वळण पुरले नाही तर आणखी वळणे घ्यावीत, असा हा मार्ग आहे. या मार्गावर नेमके कुठे थांबावे, हाच खरा प्रश्न.

जुहूपासून काही किलोमीटरांवर, विमानतळालगत, भारतीय हवामान खात्याची सांताक्रूझ वेधशाळा आहे. उपनगरांचे तापमान आणि पाऊस म्हणून जे आकडे वृत्तपत्रांत छापले जातात, ते बहुधा येथलेच. या वेधशाळेच्या दीर्घकालीन नोंदींवरून प्रत्येक महिन्याच्या दैनंदिन कमाल तापमानाची सरासरी काढली जाते. ती ढोबळमानाने, पूर्णांकात मांडली तर जानेवारी ते डिसेंबर अशी दिसते : ३१, ३२, ३३, ३३, ३४, ३२, ३०, ३०, ३१, ३३, ३४ आणि ३२ अंश सेल्सिअस. अवघे बारा आकडे. प्रत्येक आकडा त्या त्या महिन्याच्या मध्याचा, म्हणजे साधारण १५ तारखेचा मानू.

या आकड्यांमागील निसर्गक्रम परिचयाचा आहे. उन्हाळा मेपर्यंत हळूहळू चढतो. जूनमध्ये मोसमी वारे येतात, आकाश झाकोळते आणि पारा झपाट्याने उतरतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो तळ गाठतो. ऑक्टोबरच्या सुमारास मोसमी वारे माघारी फिरतात, आकाश निरभ्र होते, पूर्वेकडून जमिनीवरचे वारे वाहू लागतात आणि दुपारी समुद्रावरून येणारी गार झुळूक उशिरा पोहोचते. त्यामुळे पारा पुन्हा चढतो. नोव्हेंबरनंतर तो पुन्हा उतरू लागतो. म्हणजे वर्षाला दोन शिखरे आणि त्यांच्यामध्ये एक दरी. उंटाच्या दोन मदारींसारखी आकृती.

सरळ रेषेची असमर्थता

संख्याशास्त्रात दोन राशींमधील संबंध शोधण्याच्या पद्धतीला समाश्रयण, म्हणजेच रिग्रेशन म्हणतात. तिचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे बिंदूंमधून एक सरळ रेषा अशी ओढणे की, प्रत्येक बिंदूचे रेषेपासूनचे उभे अंतर मोजून, त्याचा वर्ग करून, सर्व वर्गांची बेरीज केली तर ती शक्य तितकी लहान यावी. महिन्याच्या क्रमांकाला 'क्ष' आणि तापमानाला 'य' म्हटले, तर रेषेचे सूत्र य = अ + ब·क्ष असे असते.

वरील बारा आकड्यांना अशी रेषा लावली तर ती जवळजवळ आडवी येते. तापमानात वर्षभरात जे चढउतार होतात, त्यांपैकी एक टक्कासुद्धा तिच्या पदरात पडत नाही. रेषा इतकेच सांगते की मुंबईत वर्षभर साधारण ३२ अंश असतात. ते खोटे नाही. पण मे आणि ऑगस्ट यांतील फरक ज्याला जाणून घ्यायचा आहे, त्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

मग सूत्रात क्षचा वर्ग मिळवावा : य = अ + ब·क्ष + क·क्ष². याला द्विघाती बहुपदी म्हणतात आणि अशा सूत्रांनी केलेल्या समाश्रयणाला बहुपदी समाश्रयण किंवा पॉलिनॉमिअल रिग्रेशन. यात रेषेला एक वळण मिळते. वर्गाऐवजी घन घेतला तर दोन वळणे मिळू शकतात, चौथा घात घेतला तर तीन. सामान्य नियम असा की जितका घात, त्याहून एकाने कमी इतकी वळणे जास्तीत जास्त मिळतात. गंमत अशी की सूत्र वळणदार असले तरी त्यातील अ, ब, क हे गुणक शोधण्याचे गणित सरळ रेषेसारखेच राहते. क्ष, क्ष², क्ष³ हे जणू निरनिराळे स्तंभ आहेत, असे समजून संगणक एका क्षणात उत्तर देतो. या सोयीमुळेच ही पद्धत एवढी लोकप्रिय झाली. एक्सेलच्या आलेखावर बिंदूंमधून कलरेषा ओढताना 'पॉलिनॉमिअल' हा पर्याय निवडला की घाताचा आकडा विचारला जातो आणि तेथे २ पासून ६ पर्यंत काहीही टाकता येते. त्या छोट्या चौकटीत कोणता आकडा टाकावा, याबद्दल मात्र तेथे कोणी काही सांगत नाही.

सांताक्रूझच्या आकड्यांत तीन वळणे आहेत : मेचे शिखर, ऑगस्टची दरी, नोव्हेंबरचे शिखर. तेव्हा चौथा घात पुरावा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात दुसऱ्या घाताने चढउतारांचा जेमतेम २ टक्के भाग पकडला जातो, तिसऱ्याने २८ टक्के आणि चौथ्याने ५४ टक्के. चौथ्या घाताची वक्ररेषा दोन शिखरे आणि एक दरी दाखवते खरी. पण उन्हाळ्याचे शिखर ती चक्क मार्चमध्ये नेऊन ठेवते. याचे कारण असे की मुंबईचा उन्हाळा सावकाश चढतो आणि पाऊस आल्यावर एकदम कोसळतो. ही विषमता चार घातांच्या सूत्रात मावत नाही. पाचवा घात मिळवला की चित्र एकदम बदलते. आता ९२ टक्के भाग हाती लागतो, शिखर एप्रिलपर्यंत सरकते, ऑगस्टची दरी आणि नोव्हेंबरचे शिखर आपापल्या जागी येतात आणि सूत्राचा ठराविक चुकारा ०.९ अंशाच्या आसपासवरून अर्ध्या अंशाच्याही खाली येतो.

येथे मोह सुरू होतो. पाचव्या घाताने एवढे साधले, तर सहावा का नको? दहावा का नको? बारा बिंदू असतील तर अकराव्या घाताची बहुपदी त्या बाराही बिंदूंमधून अचूक जाते, हे गणिताने सिद्ध आहे. चुकारा शून्य, यश शंभर टक्के. यापेक्षा चांगले सूत्र कोणते असणार?

शंभर टक्के यशाची किंमत

अकराव्या घाताचे हे सूत्र १५ जानेवारीला ३१ अंश सांगते आणि १५ फेब्रुवारीला ३२ अंश सांगते. दोन्ही बरोबर. आता या दोहोंच्या बरोबर मध्ये, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस, ते काय सांगते? साध्या तर्काने साडेएकतीस अंशांच्या जवळपास काही तरी यायला हवे. सूत्राचे उत्तर येते २६.२ अंश. म्हणजे १५ जानेवारीनंतर पारा पाच अंशांनी घसरतो आणि पंधरवड्यात सहा अंशांनी वर चढतो! अशी हवा सांताक्रूझला सरासरीत कधी पडलेली नाही. बिंदूंवर शंभर टक्के अचूक असलेले सूत्र बिंदूंच्या मधल्या जागेत धादांत चुकीचे बोलते आहे.

हा दोष आकड्यांचा नव्हे. जर्मन गणितज्ञ कार्ल रुंगे यांनी १९०१ मध्येच दाखवून दिले होते की, समान अंतरावरील बिंदूंमधून एखाद्या अगदी गुळगुळीत, निरुपद्रवी वक्राचीही उच्च घाताची बहुपदी काढत गेले, तर मध्यभागी ती उत्तम जुळते, परंतु दोन्ही टोकांना हेलकावे खाऊ लागते. बिंदू आणि घात वाढवत नेले की हे हेलकावे कमी होण्याऐवजी वाढतच जातात. आज ही घटना त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बिंदू टोकांकडे दाटीने घेतले तर हा उपद्रव आवरता येतो. पण महिने काही टोकांकडे दाटीने येत नाहीत. कॅलेंडरचे अंतर ठरलेले आहे. निरीक्षणांच्या बहुतेक नोंदींची स्थिती अशीच असते.

बिंदूंच्या बाहेर पाऊल टाकले तर अवस्था आणखी बिकट होते. सूत्राला विचारू की पुढच्या जानेवारीत, म्हणजे तेराव्या महिन्यात, कमाल तापमान किती असेल. उत्तर येते ४४ अंश. पण या ४४ अंशांपेक्षाही धक्कादायक गोष्ट वेगळी आहे. अकराव्या घाताच्या सूत्रात तेराव्या महिन्याचे उत्तर बारा आकड्यांना ठराविक संख्यांनी गुणून आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करून निघते. त्यात जूनच्या आकड्याला अधिक ७९२ ने गुणले जाते, जुलैच्या आकड्याला उणे ९२४ ने आणि ऑगस्टच्या आकड्याला पुन्हा अधिक ७९२ ने. शेजारशेजारचे महिने एकमेकांविरुद्ध अशा प्रचंड वजनांनी ओढत असतात आणि उरलेल्या रकमेला आपण अंदाज म्हणतो.

याचा अर्थ काय होतो, हे एका उदाहरणाने कळेल. समजा, जुलैचे तापमान ३० ऐवजी ३०.१ अंश धरले. तापमापकाच्या काट्यावर हा फरक नाममात्र आहे. मात्र त्या एक दशांश अंशाला ९२४ ने गुणले की पुढच्या जानेवारीचा अंदाज ९२ अंशांनी खाली येतो. ४४ अंशांचा अंदाज उणे ४८ होतो. जुहूच्या समुद्राचे बर्फ! पूर्णांकात मांडताना येथे प्रत्येक आकड्यात अर्ध्या अंशापर्यंतची तडजोड झालेली असू शकते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या ४४ अंशांनाही काही अर्थ नाही, हे उघड होते. सूत्राने निसर्गाचा नियम शिकलेला नाही. त्याने आकड्यांतील बारीकसारीक तडजोडी, नोंदीतील चुका आणि योगायोग यांनाही नियम समजून पाठ केले आहे. संख्याशास्त्रात याला ओव्हरफिटिंग म्हणतात. अंगाबरोबर इतके घट्ट शिवलेले कापड की वाकताच उसवावे, असा त्याचा मराठी अर्थ करता येईल.

फसवणूक ओळखायची कशी

अकराव्या घाताचा चुकारा शून्य होता. म्हणून चुकाऱ्याकडे पाहून धोका कळत नाही. किंबहुना घात वाढवला की चुकारा कधीच वाढत नाही, घटतोच. तेव्हा ज्या आकड्यांवर सूत्र बेतले, त्याच आकड्यांवर त्याची परीक्षा घेणे म्हणजे विद्यार्थ्याला आधी फोडलेली प्रश्नपत्रिका देण्यासारखे आहे.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो घरच्या घरी करता येतो. बारा आकड्यांतील एक आकडा झाकून ठेवावा, उरलेल्या अकरांवर सूत्र बेतावे आणि झाकलेल्या महिन्याचा अंदाज सूत्राला विचारावा. मग झाकण काढून पाहावे. प्रत्येक महिन्यासाठी हेच करावे. याला क्रॉस व्हॅलिडेशन असे भारदस्त नाव आहे.

सांताक्रूझच्या आकड्यांवर ही परीक्षा घेतली तर काय होते? अकरा बिंदूंमधून अचूक जाणारी बहुपदी दहाव्या घाताची असते. जुलै झाकला तर ती जुलैसाठी २९.८ अंश सांगते. प्रत्यक्ष ३०. कमालीचे उत्तम! मध्यभागी अशी बहुपदी चांगली वागते, हे रुंगे यांनी सांगितलेच होते, आणि म्हणूनच फक्त मधल्या महिन्यांवर परीक्षा घेणारा फसतो. फेब्रुवारी झाकला तर सूत्र ३९.९ अंश सांगते, प्रत्यक्ष ३२. जानेवारी झाकला तर उत्तर येते उणे ५६ अंश. आणि डिसेंबर झाकला तर ११९ अंश, म्हणजे पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही पलीकडे.

पाचव्या घाताची बहुपदी याच परीक्षेला बसवली तर डिसेंबरसाठी ती ३०.९ अंश सांगते, म्हणजे चूक सुमारे एका अंशाची. जानेवारीसाठी ३३.६ अंश; चूक अडीच अंशांहून थोडी अधिक. हे काही डौलदार यश नव्हे. पण उणे ५६ आणि ३३.६ यांत निवड करायची असेल तर विचार करावा लागत नाही. मात्र पाचवा घातही पुढच्या वर्षावर सोडला की ढेपाळतो. तेराव्या महिन्यासाठी त्याचे उत्तर आहे २१ अंश. गंमत अशी की, वर्षाच्या आत निरुपयोगी ठरलेला दुसरा घात तेराव्या महिन्यासाठी ३२.७ अंश सांगतो आणि या तिघांत तोच सत्याच्या सर्वांत जवळ येतो. त्याला काही कळते म्हणून नव्हे, तर तो फारसा हलतच नाही म्हणून.

बहुपदीचा हा स्वभावच आहे. नोंदींच्या सीमेबाहेर पडताच सर्वांत मोठा घात बाकी सर्वांना गिळून टाकतो आणि रेषा एक तर आकाशाकडे झेपावते किंवा पाताळात बुडी घेते. यासाठी जागतिक उदाहरणही फार जुने नाही. मे २०२० मध्ये, कोविडची साथ भरात असताना, अमेरिकेतील व्हाइट हाऊसच्या आर्थिक सल्लागार परिषदेने कोविडमृत्यूंचा एक आलेख प्रसिद्ध केला. त्यात दैनंदिन मृत्यूंवर बेतलेली एक रेषा 'क्युबिक फिट', म्हणजे तिसऱ्या घाताची जुळणी, या नावाने दाखवली होती आणि ती मेच्या मध्यापर्यंत जवळजवळ शून्यावर उतरत होती. तज्ज्ञांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील एकूण मृत्यूंनी एक लाखाचा टप्पा ओलांडला. तिसरा घात म्हणजे काही मोठा घात नव्हे. पण ज्या दिवसांचे आकडेच हाती नाहीत त्या दिवसांपर्यंत तो ताणला गेला होता.

लाकडी पट्टीची युक्ती

वळणदार संबंधांसाठी मग करायचे काय? या प्रश्नाचे एक उत्तर गणितज्ञांच्या आधी जहाजबांधणीच्या आराखडेकारांना सापडले होते. जहाजाच्या कडेची लांबलचक वळणे कागदावर वा जमिनीवर काढण्यासाठी ते लाकडाची एक पातळ, लवचिक पट्टी वापरीत. ठराविक ठिकाणी शिशाची वजने ठेवून ती पट्टी अडवली की, मधल्या भागात ती आपोआप सर्वांत कमी ताण पडेल असे गुळगुळीत वळण घेई. या पट्टीला इंग्रजीत स्प्लाइन म्हणत. गणितज्ञ आयझॅक शोनबर्ग यांनी १९४६ मध्ये हाच शब्द गणितात आणला.

गणितातील स्प्लाइनची कल्पना अशी : संपूर्ण वर्षासाठी एकच अवजड सूत्र न घेता वर्षाचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्यावर एक छोटी, तिसऱ्या घाताची बहुपदी बसवावी. तुकडे जेथे एकमेकांना भेटतात त्या जागांना गाठी म्हणतात. गाठीवर दोन अटी पाळाव्या लागतात. एक, रेषा तुटू नये. दोन, तिचा उतार आणि वाकण्याचे प्रमाण एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना एकदम बदलू नये. या अटींमुळे डोळ्यांना सांधा कुठे आहे, हे कळतही नाही. रस्त्याचे वळण जसे अचानक सुरू होत नाही, तसेच.

तिसरा घात येथेही आहेच. फरक आहे तो परिणामाच्या आवाक्यात. अकराव्या घाताच्या एकाच सूत्रात जुलै हलला की जानेवारी हादरते, कारण सर्व महिने एकाच साखळीत जखडलेले असतात. स्प्लाइनमध्ये एका बिंदूतील बदलाचा धक्का दर गाठीमागे सुमारे पावपट होत जातो. जुलैचा आकडा एक दशांशाने बदलला तर जून-ऑगस्टच्या आसपासची वक्ररेषा किंचित हलते, मे आणि सप्टेंबरपर्यंत तो बदल क्षीण होतो आणि डिसेंबर-जानेवारीला तो जाणवतही नाही. हवामानाचा व्यवहारही असाच आहे. पाऊस ओढ देतो तेव्हा जुलैचा पारा बदलतो; त्यावरून हिवाळ्याचे कोष्टक कोणी नव्याने लिहीत नाही.

वर्षाच्या आकड्यांसाठी आणखी एक अट घालता येते. डिसेंबरनंतर जानेवारीच येते. तेव्हा रेषेचे शेवटचे टोक सुरुवातीच्या टोकाला गुळगुळीतपणे जोडावे. अशा आवर्ती स्प्लाइनला टोकच उरत नाही आणि रुंगे यांनी दाखवलेला टोकांचा उपद्रव त्यामुळे मुळातच निकालात निघतो. सांताक्रूझच्या बारा आकड्यांवर ही स्प्लाइन बसवली तर जानेवारीच्या अखेरीस ती ३१.३ अंश सांगते. अकराव्या घाताचे उत्तर होते २६.२. झाकलेल्या आकड्यांच्या परीक्षेत ती जानेवारीसाठी ३१.२ अंश सांगते, प्रत्यक्ष ३१. आणि डिसेंबरसाठी ३२.५ अंश, प्रत्यक्ष ३२. न्यायाची गोष्ट म्हणून हेही नमूद केले पाहिजे की या स्पर्धेत स्प्लाइनला एक माहिती अधिक मिळाली होती, ती म्हणजे वर्ष फिरून येते. बहुपदीला हे सांगण्याची सोयच नाही. किंवा ते तिच्या स्वभावात बसत नाही, असे म्हणावे. ज्याला वर्षाचे फिरणे सूत्रातच हवे असेल त्याच्यासाठी वार्षिक आणि सहामाही लाटांची बेरीज हा हवामानशास्त्रातील जुना मार्ग आहेच. मुंबईच्या दोन मदारींना तो चांगला मानवतो.

येथे एक शंका रास्त आहे. आवर्ती स्प्लाइनही बाराही बिंदूंमधून अचूक जाते. मग तिला ओव्हरफिटिंगचा दोष का लागू नये? दोष बिंदूंमधून जाण्यात नाही, तर बिंदू किती भरवशाचे आहेत, यात आहे. वरील बारा आकडे अनेक वर्षांच्या सरासरीचे आहेत. एखाद्या वर्षीची उष्ण लाट किंवा अवकाळी ढग त्यात विरघळून गेलेले असतात. अशा आकड्यांमधून रेषा न्यायला हरकत नाही. पण एकाच वर्षाचे रोजचे आकडे घेतले तर परिस्थिती पालटते. २६ जुलै २००५ ची नोंद मुंबईकर विसरलेले नाहीत. त्या दिवसाच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, तर कुलाब्याला ७० मिलिमीटरच्या आसपास. त्या वर्षीच्या सांताक्रूझच्या रोजच्या पावसाच्या प्रत्येक बिंदूतून जाण्याचा हट्ट धरणारी स्प्लाइन त्या दिवशी आकाशाला भिडणारा सुळका काढील आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाऊस शून्याखाली गेल्याचेही दाखवील. उणे पाऊस ही वस्तू कोणत्याही वेधशाळेने मोजलेली नाही.

अशा खडबडीत आकड्यांसाठी दोन उपाय आहेत. गाठी कमी ठेवाव्यात, म्हणजे ३६५ दिवसांसाठी ३६५ नव्हे, तर जेथे वळण अपेक्षित आहे अशा मोजक्या जागी, जसे मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि माघारीच्या आसपास. किंवा गाठी भरपूर घ्याव्यात, पण वाकण्यावर दंड बसवावा. रेषा जितकी अधिक वाकेल तितका तिचा हिशेब महाग पडेल, अशी ही योजना. बिंदूंच्या जवळ जाण्याचा लाभ आणि वाकण्याचा दंड यांच्यात तडजोड होऊन जी रेषा उरते तिला स्मूदिंग स्प्लाइन म्हणतात. दंड अगदी शून्य ठेवला तर रेषा प्रत्येक बिंदूमागे धावते, आणि अतोनात वाढवला तर ती ताठ होत जाऊन सरळ रेषाच उरते. मधला दंड किती, हे पुन्हा आकडे झाकून घेतलेल्या परीक्षेनेच ठरवायचे. तात्पर्य, घाताची जागा गाठींनी किंवा दंडाने घेतली, तरी किती मोकळीक द्यायची हा प्रश्न टळत नाही. फक्त तो चुकला तर होणारी हानी आटोक्यात राहते.

स्प्लाइनलाही नोंदींच्या बाहेरचे काही ठाऊक नसते. वर्षासारखे फिरून येणारे काही नसेल, उदाहरणार्थ एखाद्या इमारतीचे वय आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च, तेथे शेवटच्या बिंदूपलीकडे तिसऱ्या घाताचा तुकडा तसाच पुढे नेला तर तोही भरकटतो. म्हणून व्यवहारात बहुधा 'नॅचरल' स्प्लाइन वापरतात. तिच्यावर अशी अट असते की दोन्ही टोकांच्या पलीकडे रेषेने वाकायचे नाही, सरळ जायचे. यामुळे अंदाज बरोबर येतोच असे नाही, पण उणे ४८ अंशांसारखा तमाशा होत नाही.

एक्सेलच्या त्या छोट्या चौकटीत आकडा टाकण्यापूर्वी काय पाहावे, हे आता सांगता येईल. बिंदू किती आहेत, हे आधी मोजावे. बारा बिंदूंवर सहावा घात म्हणजे सात गुणक, म्हणजे प्रत्येक गुणकाच्या वाट्याला दोन बिंदूही येत नाहीत. नंतर निसर्गक्रमानुसार खरोखर किती वळणे अपेक्षित आहेत, याचा विचार करावा. टोकाचा एखादा बिंदू काढून रेषा पुन्हा ओढावी आणि ती किती हलते ते पाहावे. आणि रेषा शेवटच्या बिंदूपलीकडे पाव वर्ष पुढे वाढवून पाहावी. ती लगेच छताकडे किंवा तळघराकडे निघाली, तर घात एकाने उतरवावा आणि पुन्हा पाहावे.